ऋण संख्या हेक्समध्ये लिहिताना: आधी रुंदी, मग आकडे

कॉम्प्युटर आर्किटेक्चरच्या असाइनमेंटमध्ये एक छोटासा प्रश्न हमखास असतो: "−३०० ही संख्या टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीने हेक्समध्ये लिहा." उत्तरं मात्र वर्गात चार प्रकारची येतात. कोणी `ED4` लिहितो, कोणी `FED4`, कोणी `FFFFFED4`, आणि एखादा `0ED4`. यातली पहिली तिन्ही बरोबर असू शकतात. चौथं १६ बिटांच्या प्रश्नाला नेहमीच चूक असतं. फरक आकडेमोडीत नाही, रुंदीत आहे. किती बिटांची जागा आहे हे ठरल्याशिवाय ऋण संख्येला हेक्स रूपच नसतं, म्हणून हा सगळा लेख रुंदीला धरूनच लिहिला आहे.

रुंदी म्हणजे नेमकं काय ठरतं

कागदावर आपण −३०० लिहितो तेव्हा वजा चिन्हाला वेगळी जागा असते. रजिस्टरमध्ये अशी जागा नसते. तिथे फक्त ठरावीक संख्येने बिट असतात, आणि बेरीज त्या बिटांबाहेर गेली की वरचा हातचा गळून पडतो. टूज कॉम्प्लिमेंट या गळून पडणाऱ्या हातच्याचाच उपयोग करून घेतं. −३०० साठी असा बिटनमुना निवडायचा, की त्यात ३०० मिळवल्यावर उरलेले सगळे बिट शून्य व्हावेत. १६ बिटांत तो नमुना म्हणजे ६५५३६ − ३०० = ६५२३६. या ६५२३६ मध्ये ३०० मिळवले की ६५५३६ येतात. त्यातला सतरावा बिट मावत नाही म्हणून जातो आणि शून्य उरतं.

हीच वजाबाकी १२ बिटांत ४०९६ मधून करावी लागते आणि ३२ बिटांत दोनाच्या बत्तिसाव्या घातामधून. म्हणून एकाच संख्येची रूपं वेगवेगळी दिसतात:

```
-300, 12 bits :      ED4
-300, 16 bits :     FED4
-300, 32 bits : FFFFFED4
```

प्रश्नात "१६-बिट" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर काम सोपं. पण पुष्कळदा रुंदी इन्स्ट्रक्शनमध्ये दडलेली असते आणि ती आपल्याला शोधून काढावी लागते. मिप्समध्ये `addi`, `lw`, `sw`, `beq` आणि `bne` या सगळ्यांचं इमिजिएट १६ बिटांचं असतं. रिस्क-फाइव्हमध्ये `addi` आणि `lw` यांचं १२ बिटांचं. एलसी-३ शिकवत असतील तर तिथे `ADD` चं इमिजिएट ५ बिट, `LDR` चा ऑफसेट ६ बिट आणि `LD` किंवा `BR` चा ऑफसेट ९ बिट. "ही इन्स्ट्रक्शन चालल्यावर रजिस्टरमध्ये काय असेल?" असं विचारलं असेल तर रुंदी इमिजिएटची नव्हे, रजिस्टरची: मिप्समध्ये ३२ बिट, एलसी-३ मध्ये १६. एकाच प्रश्नाच्या दोन उपप्रश्नांत रुंदी अशी बदलते आणि तिथेच गुण जातात. उत्तरपत्रिकेत पहिली ओळ "रुंदी: १६ बिट, म्हणजे ४ हेक्स आकडे" अशी लिहायची सवय लावून घ्या. तपासणाऱ्यालाही तुम्ही काय धरून चाललात ते कळतं.

मावते का, ते आधी बघा

`n` बिटांत सर्वांत लहान संख्या म्हणजे २ च्या (`n`−१) व्या घाताला वजा चिन्ह, आणि सर्वांत मोठी त्याच घातापेक्षा एकने कमी. म्हणजे ८ बिटांत −१२८ ते १२७, १२ बिटांत −२०४८ ते २०४७, १६ बिटांत −३२७६८ ते ३२७६७. −३०० आठ बिटांत मावत नाही. तिथे योग्य उत्तर "मावत नाही" हेच आहे, कोणताही हेक्स आकडा नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण आकडेमोड तुम्हाला थांबवत नाही. `FED4` चे शेवटचे दोन आकडे उचलून कोणी `D4` लिहिलं तर ते दिसायला ठीकच दिसतं. पण आठ बिटांतला `D4` म्हणजे २१२ − २५६ = −४४. वरचे बिट कापले गेले आणि उत्तरात २५६ चा फरक पडला, कुठेही धोक्याची घंटा वाजली नाही.

धन संख्यांनाही ही मर्यादा लागू आहे, हे विसरायला होतं. +२०० चं हेक्स `C8`, दोनच आकडे, म्हणून आठ बिटांत बसलं असं वाटतं. पण चिन्हासहित वाचलं तर `C8` म्हणजे −५६. दोन बाजूंची मर्यादा सारखी नसते हेही इथेच लक्षात घ्या: −१२८ आठ बिटांत `80` म्हणून बसतो, +१२८ बसत नाही. आणि `80` चं टूज कॉम्प्लिमेंट पुन्हा काढलं तर परत `80` च येतं. ती तुमची चूक नसते. +१२८ ला त्या रुंदीत जागाच नाही, म्हणून असं होतं.

आकडेमोड, बिटांनी

आता −३०० ला १६ बिटांत लिहू. आधी वजा चिन्ह बाजूला ठेवून ३०० चं हेक्स काढायचं. ३०० ला १६ ने भागलं तर भागाकार १८, बाकी १२, म्हणजे `C`. १८ ला १६ ने भागलं तर भागाकार १, बाकी २. शेवटचा १ तसाच. बाक्या खालून वर वाचल्या की `12C`.

यापुढची पायरी सगळ्यांत जास्त चुकते. उलटण्याआधी डावीकडे शून्यं भरून रुंदी पुरी करा. म्हणजे `12C` नव्हे, `012C`. मग बिट लिहा, सगळे उलटा, एक मिळवा:

```
012C     : 0000 0001 0010 1100
invert   : 1111 1110 1101 0011
add 1    : 1111 1110 1101 0100
hex      :    F    E    D    4
```

उत्तर `FED4`, किंवा प्रश्नात तशी पद्धत असेल तर `0xFED4`.

शून्यं आधी न भरता `12C` उलटलं तर `ED3`, एक मिळवून `ED4`. मग "चार आकडे हवेत" म्हणून पुढे शून्य लावलं की `0ED4`. सुरुवातीला सांगितलेलं चौथं उत्तर असंच जन्माला येतं. `0ED4` चा पहिला बिट शून्य आहे, म्हणजे ती धन संख्या झाली, ३७९६. शून्य धन संख्येच्या पुढे भरायचं असतं. ऋण रूप तयार झाल्यावर पुढे काही भरायचंच असेल तर ते `F`.

आकडेमोड, थेट हेक्समध्ये

बिट लिहून काढणं समजायला चांगलं, पण ३२ बिटांच्या दहा संख्या असतील तर हात दुखतो आणि एखादा बिट कुठेतरी सुटतो. चार बिट उलटणं म्हणजे त्या हेक्स आकड्याला १५ मधून वजा करणं. `C` उलटला की ३ (१५ − १२), `2` उलटला की `D` (१५ − २). मग बिटांपर्यंत उतरायची गरज उरत नाही.

वैदिक गणिताचे वर्ग केले असतील त्यांना "निखिलं नवतश्चरमं दशतः" आठवेल: सगळे आकडे नऊमधून, शेवटचा दहामधून. १०००० − ३४७२ झटकन करायची ती युक्ती. हेक्समध्ये तेच सूत्र फक्त पाया बदलून चालतं: सगळे आकडे पंधरामधून, शेवटचा सोळामधून. शेवटच्या आकड्यातला तो एकचा फरक म्हणजेच "एक मिळवा" ही पायरी.

`012C` वर करून बघा: १५ − ० = `F`, १५ − १ = `E`, १५ − २ = `D`, आणि शेवटी १६ − १२ = `4`. एका ओळीत `FED4`.

शेवटी शून्य असेल तर थोडं सांभाळा. १६ − ० = १६ हा एक आकडा नाही. इथे नियम असा: उजवीकडची शून्यं तशीच खाली उतरवा, उजवीकडून पहिला जो शून्य नसलेला आकडा येईल तो सोळामधून वजा करा, आणि त्याच्या डावीकडचे सगळे पंधरामधून. उदाहरणार्थ −६७२०. ६७२० चं हेक्स `1A40`. शेवटचं शून्य तसंच, ४ सोळामधून म्हणजे `C`, `A` पंधरामधून म्हणजे `5`, १ पंधरामधून म्हणजे `E`. उत्तर `E5C0`.

उलटा-आणि-मिळवा पद्धतीने हेच केलं तर `1A40` चं `E5BF` होतं आणि एक मिळवताना `F` चा शून्य होऊन हातचा पुढे जातो, `B` चा `C` होतो. बरेच जण इथे हातचा विसरून `E5B0` लिहितात. −२५६ मध्ये तर हातचा दोन घरं ओलांडतो: `0100`, उलटून `FEFF`, एक मिळवून `FF00`. सोळामधून-पंधरामधून पद्धतीत हातचाच नसल्याने ही चूक होण्याचं कारणच उरत नाही. मला विचाराल तर कच्च्या कागदावर हीच पद्धत वापरावी. पण प्रश्नात "पायऱ्या दाखवा" असेल तर बिटांच्या तीन ओळी उत्तरपत्रिकेत लिहाव्यातच.

ताळा

उत्तर लिहिल्यावर ताळा पाहायला अर्धा मिनिट लागतं. खात्रीचा ताळा बेरजेचा. मूळ धन संख्या आणि तुमचं उत्तर हेक्समध्ये मिळवा. सगळी घरं शून्य होऊन एक हातचा बाहेर पडला पाहिजे:

```
  012C
+ FED4
------
1 0000
```

तेवढाही वेळ नसेल तर शेवटचा आकडा बघा. मूळ संख्येचा शेवटचा हेक्स आकडा आणि उत्तराचा शेवटचा आकडा मिळून १६ व्हायला हवेत, नाहीतर दोन्ही शून्य हवेत. `C` आणि `4`: १२ + ४ = १६, ठीक. एक मिळवायचं राहून `FED3` झालं असतं तर बेरीज १५ आली असती. सम संख्येचं ऋण रूपही समच असतं, त्यामुळे −३०० चं उत्तर ३ वर संपलेलं दिसलं की तिथेच थांबायला हवं.

पहिला आकडाही सांगतो. रुंदी चारच्या पटीत असेल तर ऋण संख्येचा पहिला हेक्स आकडा `8` ते `F` यांतलाच असतो. शिवाय संख्या रुंदीच्या मानाने लहान असेल तर सुरुवातीला `F` ची रांग असायला हवी. १६ बिटांत −१ म्हणजे `FFFF` आणि −१६ म्हणजे `FFF0`. मधल्या सगळ्या संख्या `FFF` ने सुरू होतात. −७ चं उत्तर `8007` असं आलं असेल तर तुम्ही चिन्ह वेगळं ठेवून परिमाण लिहिलं आहे. ती निराळी पद्धत आहे, टूज कॉम्प्लिमेंट नाही.

उलट दिशेने वाचायचं असेल तर, म्हणजे हेक्स दिलं आणि दशमान विचारलं, तर हेच सगळं पुन्हा करायचं. `FED4` चा पहिला आकडा ८ पेक्षा मोठा, म्हणजे ऋण. पंधरामधून, शेवटचा सोळामधून: `012C`, म्हणजे ३००, म्हणून −३००. वेगळी कृती शिकावी लागत नाही.

रुंदीला चारने भाग जात नाही तेव्हा

आतापर्यंत प्रत्येक हेक्स आकड्याला चार बिट मिळत होते. एलसी-३ चा ९ बिटांचा ऑफसेट घ्या. −२० लिहायचा आहे. नऊ बिट म्हणजे दोन पूर्ण हेक्स आकडे आणि वर एकटा एक बिट. सवयीने कोणी तीन आकड्यांचं `FEC` लिहितं, पण ते १२ बिटांचं उत्तर झालं. नऊ बिटांत पहिल्या आकड्याला एकच बिट असल्याने तो ० किंवा १ च असू शकतो.

अशा वेळी सूत्राच्या मागे न लागता मुळाकडे जावं: दोनाचा नववा घात ५१२, आणि ५१२ − २० = ४९२, हेक्समध्ये `1EC`. बिटांत `1 1110 1100`. पहिला आकडा १ म्हणजे इथे ऋण. "पहिला आकडा ८ किंवा जास्त" हा नियम इथे चालत नाही. ५ बिटांत −५ असाच: ३२ − ५ = २७, म्हणजे `1B`.

हे बिट इन्स्ट्रक्शनमध्ये गेल्यावर तो एकटा १ शेजारच्या बिटांत मिसळतो. `LD R2` चा ऑफसेट −२० असेल तर ऑपकोड `0010`, रजिस्टर `010`, मग आपले नऊ बिट:

```
0010 010 111101100
0010 0101 1110 1100
   2    5    E    C
```

`25EC` मध्ये `1EC` कुठे गेलं असं वाटतं, पण तो १ रजिस्टरच्या `010` ला जोडून `0101`, म्हणजे ५ झाला. म्हणून चारच्या पटीत नसलेल्या फील्डचं हेक्स वेगळं काढून ते इन्स्ट्रक्शनच्या हेक्समध्ये जोडू नका. बिट जोडा, मग चार-चारचे गट पाडा, मग हेक्स.

एक पूर्ण उदाहरण: मिप्समधल्या दोन ओळी

मिप्सच्या असाइनमेंटमध्ये या दोन ओळी कुठल्या ना कुठल्या रूपात येतातच. पहिली, फंक्शनच्या सुरुवातीला स्टॅकवर जागा करणारी:

```
addi $sp, $sp, -24
```

इमिजिएट १६ बिटांचं, म्हणजे चार आकडे. २४ चं हेक्स `18`, रुंदी पुरी करून `0018`. पंधरामधून, पंधरामधून, पंधरामधून, शेवटचा सोळामधून: `FFE8`. आता वरचे सोळा बिट. `addi` चा ऑपकोड `001000`, `$sp` हा रजिस्टर क्रमांक २९ म्हणजे `11101`, तो दोनदा. `001000 11101 11101` चे चार-चारचे गट पाडले की `23BD`. पूर्ण शब्द `0x23BDFFE8`. मार्स सिम्युलेटरमध्ये ही ओळ असेंबल करून कोड कॉलममध्ये हाच आकडा दिसतो का ते बघता येतं.

हे चालताना प्रोसेसर `FFE8` ला थेट ३२ बिटांच्या `$sp` मध्ये मिळवत नाही. आधी चिन्हाचा बिट डावीकडे पसरवून त्याचं `FFFFFFE8` करतो. याला साइन एक्स्टेन्शन म्हणतात. हेक्समध्ये ते अगदी सोपं: पहिला आकडा `8` किंवा जास्त असेल तर डावीकडे `F` भरा, नाहीतर `0`. किंमत तीच राहते, −२४. पण `andi`, `ori`, `xori` या इन्स्ट्रक्शन इमिजिएटच्या डावीकडे नेहमी शून्यं भरतात. त्याच `FFE8` चं तिथे `0000FFE8` होतं, म्हणजे ६५५१२. म्हणून "रजिस्टरमध्ये शेवटी काय राहील?" या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी इन्स्ट्रक्शन कोणती आहे ते बघावं लागतं.

दुसरी ओळ, लूपच्या शेवटी मागे उडी मारणारी. `loop` हे लेबल `0x00400010` या पत्त्यावर आहे आणि ही ओळ `0x00400024` वर:

```
bne $t0, $zero, loop
```

इथे ऋण संख्या कोणती, हेच आधी काढावं लागतं. मिप्समध्ये ब्रँचचा ऑफसेट ब्रँचच्या पुढच्या ओळीपासून मोजतात, आणि बाइटमध्ये नव्हे, शब्दांत. पुढची ओळ `0x00400028`. तिथून `0x00400010` पर्यंत अंतर −२४ बाइट, म्हणजे −६ शब्द. −६ चं १६ बिटांतलं रूप: `0006`, मग `FFFA`. `bne` चा ऑपकोड `000101`, `$t0` हा ८ क्रमांकाचा म्हणजे `01000`, `$zero` म्हणजे `00000`. गट पाडून `1500`. पूर्ण शब्द `0x1500FFFA`.

या प्रश्नात चुकीची उत्तरं दोन ठरलेल्या ठिकाणांहून येतात, आणि उत्तर बघूनच चूक कुठे झाली ते ओळखता येतं. शेवटी `FFFB` आलं असेल तर ब्रँचच्या स्वतःच्या पत्त्यापासून मोजलं आहे. `FFE8` आलं असेल तर चारने भागायचं राहिलं. दोन्हींत टूज कॉम्प्लिमेंट बिनचूक असतं, म्हणून वरचा बेरजेचा ताळा इथे काही पकडत नाही. पकडायचं तर उलटं जाऊन बघा: −६ गुणिले ४ म्हणजे −२४, `0x00400028` मधून `0x18` वजा केले की `0x00400010`. लेबलवर पोचलो.

रिस्क-फाइव्ह शिकणाऱ्यांनी ही दुसरी आकडेमोड जशीच्या तशी उचलू नये. तिथे ब्रँचचा ऑफसेट ब्रँचच्या स्वतःच्या पत्त्यापासून मोजतात आणि त्याचे बिट इन्स्ट्रक्शनमध्ये विखरून ठेवतात. `addi` मात्र सरळ आहे. `addi sp, sp, -16` मध्ये १२ बिटांचं −१६ म्हणजे `FF0`, ते शब्दाच्या अगदी डावीकडे बसतं आणि पूर्ण शब्द `0xFF010113` होतो.

मशीनवर पडताळताना

पायथॉनमध्ये `hex(-300)` लिहिलं तर `-0x12c` मिळतं. असाइनमेंटच्या दृष्टीने ते उत्तर नाही, कारण पायथॉनच्या पूर्णांकाला रुंदीच नसते आणि ते वजा चिन्ह तसंच छापतं. रुंदी आपण द्यावी लागते:

```python
print(format(-300 & 0xFFFF, '04X'))                # FED4
print((-300).to_bytes(2, 'big', signed=True).hex())  # fed4
```

पहिल्या ओळीतला मास्क वरचे बिट कापतो, पण संख्या मावते का ते बघत नाही. `-300 & 0xFF` विचारलं तर निमूटपणे `D4` चं मूल्य देतो. दुसरी ओळ जास्त प्रामाणिक आहे. तिथे २ च्या जागी १ बाइट लिहिला तर `OverflowError` येतो. पडताळणीसाठी म्हणून दुसरीच वापरावी.

सी मध्ये वेगळीच गंमत होते. `signed char` मध्ये −५ ठेवून छापला, तर दोन आकड्यांऐवजी आठ दिसतात:

```c
signed char c = -5;
printf("%x\n", c);                    // fffffffb
printf("%02x\n", (unsigned char)c);   // fb
```

`printf` ला देताना `char` चा आपोआप `int` होतो आणि चिन्हाचा बिट पसरतो. ३२ बिटांच्या `int` मध्ये `fffffffb` बरोबरच आहे, पण ८ बिटांचं उत्तर हवं होतं. एक्सेलची तऱ्हा त्याहून निराळी. `DEC2HEX(-300)` तिथे नेहमी दहा आकडे देतं, `FFFFFFFED4`, कारण ते फंक्शन ४० बिट धरून चालतं. ऋण संख्येला आकड्यांची संख्या सांगितली तरी ते ऐकत नाही. अशा उत्तरातले शेवटचे चार आकडे उचलण्याआधी संख्या १६ बिटांत मावते की नाही ते पाहून घ्या.

मेमरी डंप दाखवायला सांगितलं असेल तर बाइटचा क्रमही पाहावा लागतो. x86 वर ३२ बिटांचं −३०० पत्त्यांच्या चढत्या क्रमाने `D4 FE FF FF` असं दिसतं, कारण तिथे सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी ठेवतात. इथे बाइट उलटे होतात, बाइटमधले दोन आकडे नाहीत. `4D EF` असं लिहिलं तर ते कुठल्याच मशीनवर सापडणार नाही. आणि प्रश्नात "संख्येचं हेक्स रूप लिहा" एवढंच असेल तर बाइट उलटायचे नाहीत: `FFFFFED4`.